विनंती नव्हे, तक्रार

जरीपटक्यातल्या शाळेत मायाबाई नगराळेंनी जन्मभर पत्रलेखन शिकवलं. 'सविनय विनंती' विसरलं की गुण कापलेच म्हणून समजा! पोरं कुरकुरायची, बाई ऐकायच्या नाहीत. रीत म्हणजे रीत.

आणि आता बघा. नवरा धम्मानंद धंतोलीच्या दवाखान्यात आयसीयूत पडलेला. बायपास करायचीय, आणि विमा कंपनीनं कॅशलेस नाकारलं. कारण काय, तर म्हणे जुना आजार लपवला! चूक दवाखान्याची होती. 'दहा महिन्यांपासून मधुमेह' ऐवजी कोणीतरी 'दहा वर्षं' टाइप केलं. डॉक्टरांनी दुरुस्तीचा दाखलाही दिला. बाईंनी तो जोडून कंपनीला तीन मेल केले. प्रत्येकाचा विषय एकच, 'रिक्वेस्ट'. खाली सुरुवातीला 'वरील विषयास अनुसरून'चं इंग्रजी भाषांतर, मग तीन वर्षांपूर्वी, मधुमेहाच्या कितीतरी आधी, पॉलिसी कशी घेतली त्याची कथा. नवरा आयसीयूत आहे हे शेवटून दुसऱ्या ओळीत.

डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळच्या पुढे थांबणं धोक्याचं आहे."

मुलगी प्रीतीनं कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमच्या तीन रिक्वेस्ट नोंदल्या आहेत. सात दिवसांत उत्तर येईल."

"अन् तक्रार?"

"तक्रार तर एकही दिसत नाही, मॅडम. रिक्वेस्ट वेगळ्या विभागाकडे जातात."

प्रीतीनं फोन ठेवला आणि तिचा तोल सुटला. "आई वं! बाबा मरून राहिले अन् तू विनंती काहून करून राहिली?"

बाईंना धाय मोकलून रडावंसं वाटलं. पण रडायलाही सवड नव्हती. कंपनीच्या साइटवर प्रीतीनं तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता शोधला. बाई टाइप करू लागल्या. बोटं सवयीनं 'रिक्वेस्ट'कडेच वळली. त्यांनी ते खोडलं.

विषय: 'तक्रार – कॅशलेस चुकीनं नाकारलं – रुग्ण आयसीयूत, उद्या सकाळी बायपास', आणि क्लेमचा नंबर.

पहिलं वाक्य: 'तुमच्या नकाराचं कारण चुकीचं आहे, डॉक्टरांचा दुरुस्तीचा दाखला सोबत आहे, आज संध्याकाळपर्यंत मंजुरी न आल्यास माझ्या पतीच्या जिवाला धोका आहे.'

ना महोदय, ना सविनय. कोणाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं वाटलं त्यांना. तरी पाठवलं.

चहा थंड व्हायच्या आत फोन आला. अधिकारी स्वतः बोलत होता. दाखला पाहिला, नकार मागे घेतोय, तासाभरात मंजुरी दवाखान्यात पोचेल. प्रीती तिथंच भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागली.

"पण मॅडम," तो म्हणाला, "एवढं गंभीर होतं, तर आधी काहून नाही कळवलं?"

बाईंनी स्क्रीनवर ते तीन जुने मेल उघडले.

"कळवलं होतं, साहेब. तीनदा कळवलं. हात जोडून कळवलं, म्हणून तुमच्यापर्यंत आलं नाही."