मीडियम नाही, चाळीस

माझ्या पहिल्या स्वतःच्या कुर्त्यांवर मीडियम-लार्ज न लिहिता अंगाचं माप इंचात लिहायचं ठरवलं, तेव्हा ते दुकानात ठेवणाऱ्या व्यापाऱ्यानं कपाळाला हात लावला. आमच्या सोलापुरात माझं शिलाईचं युनिट आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ब्रँडचा माल शिवला. आता हा पहिलाच लॉट माझ्या लेबलचा. "लेबल बदला, न्हायतर आठ दिवसांनी सगळा माल परत न्या," तो म्हणाला. "बायकांना आकडा चालत न्हाय. चाळीसच्या छातीला मीडियम लिवा की! खूश होतील, घेतील."

मला काय हे नवीन होतं? एकाच टेबलावर आम्ही दोन ब्रँडचे कुर्ते कापायचो. एकाचा मीडियम अडतीसच्या अंगाला, दुसऱ्याचा चाळीसच्या. मीडियम म्हणजे किती इंच, हे ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. आपलं गिऱ्हाईक कोण, तेवढं बघायचं. वर दुसऱ्यानं बाईला बारीक झाल्यासारखं वाटावं म्हणून कापड वाढवलं आणि अक्षर तेच ठेवलं. ती खूश, मात्र पहिल्या ब्रँडमध्ये तिलाच लार्ज लागतं आणि बिचारी घरी जाऊन जेवण कमी करते. मला याचा लई राग यायचा. माझ्या नावानं हे खोटं नको म्हणजे नको!

"आठ दिवस तुमच्या काउंटरला मीच उभी राहते," मी म्हटलं.

पहिले दोन दिवस आकडा बघून बायका कुर्ता खाली ठेवायच्या. रात्री झोप लागेना. तिसऱ्या दिवशी जवळच्या होटगी गावची एक बाई जावेला घेऊन आली. मी टेप लावली, चाळीस भरलं. ती फणकारली, "मी मीडियमच घालते!"

तिनं सांगितलेल्या ब्रँडचा मीडियम आणि दुकानातलाच वेगळ्या ब्रँडचा लार्ज असे दोन कुर्ते मी काउंटरवर एकावर एक पसरले. काखेपासून काखेपर्यंत टेप धरली. दोन्ही एकवीस इंच. म्हणजे घेर बेचाळीस. अंगाला चाळीस, वर हालचालीला दोन इंच सैल.

ती बघतच राहिली. "अगं बया! मग परवा लार्ज लागला म्हणून मी रडले ते कशाला?"

"तुमचं अंग तेच हाय, ताई. चिठ्ठी बदलली."

माझा कुर्ता घालून ती आरशापुढं वळली, हात वर करून बघितले. मग भरल्या दुकानात खणखणीत आवाजात म्हणाली, "मला चाळीसचे दोन द्या. आन् हिचं बी माप घ्या."

बाकीच्या बायका टेपभोवती गोळा झाल्या. व्यापारी गल्ल्यावरून उठून आला आणि मागं ठेवलेले माझ्या मालाचे गठ्ठे सोडायला लागला. लेबल बदलायचं त्यानं परत नाव काढलं नाही.

"कुठल्या कंपनीचा माल म्हणायचा हा?" होटगीच्या बाईनं विचारलं.

"माझा," मी म्हटलं.