आईच्या मापाचा काढा

फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवाल्याचा घसा बसला, आणि आमच्या दादाला फुशारकी मारायची लहर आली. घरात थोरला म्हणून सगळे त्याला दादा म्हणत, अगदी आईसुद्धा. परदेशात येऊन दादागिरी संपली होती, पण जीभ शाबूत होती. "माझ्या आईचा काढा प्याल तर गाणी म्हणायला लागाल," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत कुणी शिंकलं तरी पातेलं घेऊन आईकडे येतं."

झालं. सोमवारी काढा आणायचं ठरलं.

दादाने आईचं माप तंतोतंत पाळलं. पेरभर आलं, करंगळीएवढी दालचिनी, चिमूटभर मिरी, मूठभर तुळस, गुळाचा खडा. पाणी निम्मं होईतो उकळलं. थर्मास छातीशी धरून तो कामावर गेला.

पॉलिशवाल्याने घोट घेतला आणि कपात बघितलं. काढ्याला तार येत होती. "हे आईने लहानपणी पाजलं तुला?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. "तरीच देश सोडलास."

सगळे हसले. फोरमन मात्र हसला नाही. त्याने शांतपणे कप बाजूला ठेवला, आणि दादाला तेच जास्त झोंबलं. आपली टर उडवली असती तर चाललं असतं. इथे आईचं नाव खाली पडलं होतं.

संध्याकाळी त्याने फोन लावला. "आई, तुझं माप चुकलंय."

"माझं? मी मेल्यावर म्हण असं." आईने पदर खोचल्याचं फोनवरही कळलं. "सगळं ताटात मांड. एकेक चाव आणि सांग काय लागतं ते."

दादाने आल्याचा तुकडा तोंडात टाकला. "पाणचट आहे. काकडी खाल्ल्यासारखं."

"दिसायला कसंय?"

"गुबगुबीत. गुळगुळीत. धागा नाहीच."

"कोवळं आहे. आपलं वाकडंतिकडं, रेषा आलेलं असतं, म्हणून झणका. सुंठ मिळते का?"

"पूड मिळते."

"मग आल्याबरोबर तीही घाल. बेताने, ती जास्त तिखट. पुढे."

दालचिनी दाताने फुटेना. आईकडची पापुद्र्यांची, बोटांनी चुरणारी. ही एकच जाड साल, बुटाच्या तळव्यासारखी. आईला लगेच उमगलं. "ती बुळबुळीत होते उकळून. तारेचं कारण तेच. आख्खीच टाक, कुटू नकोस, आणि वास सुटला की काढून घे."

मिरी डबीतली कुटलेली होती. जीभ भाजली, पण वास कसलाच नाही. "ती ठेव कोशिंबिरीला. आख्खी आण, टाकताना भरड कर." गुळाच्या नावाने तपकिरी साखर होती. नुसतीच गोड. त्यात मिठाची कणी टाकायला सांगितली, गुळाला असतो तसा खारटपणा यावा म्हणून.

शेवटी तुळस. दुकानात पाटीवर तुळसच लिहिलं होतं. दादाने पान चावलं. "आई, ही बडीशेपेसारखी लागते."

आईने उलट विचारलं, "आपली चावून बघितलीयेस ना कधी? मागाहून काय येतं जिभेवर?"

दादाने डोळे मिटले. दारातली मंजिऱ्या आलेली तुळस आठवली. "लवंग."

"मग पानं ठेव बाजूला आणि दोन लवंगा टाक. अरे, माझं माप घेऊन गेलास आणि जीभ इथेच ठेवलीस होय?"

मग त्याने राहिलेलं सामान आणून हळूहळू काढा केला. आधी सुंठ, आलं, मिरी, लवंग. दालचिनी वेळेवर बाहेर. झाकण न ठेवता आटवलं, कारण झाकणाखाली ते आटत नव्हतं. साखर, मीठ उतरवल्यावर. चमच्याने चाखलं, एक मिरी वाढवली, पुन्हा चाखलं. कुणाच्या मापाने नाही, स्वतःच्या जिभेने.

दुसऱ्या दिवशी पॉलिशवाल्याने कप आधी नाकाशी नेला. प्यायला. तार नव्हती. त्याने कप पुन्हा पुढे केला, तेव्हा फोरमन म्हणाला, "थांब, माझा राहिलाय." थर्मास उलटा करेपर्यंत दोघे झाकणातल्या थेंबांवरून हुज्जत घालत होते.

"कसा झाला होता?" रात्री आईने विचारलं.

"थर्मास रिकामा. फोरमनसुद्धा शेवटच्या थेंबावरून भांडला. सगळ्यांना सांगितलं, आईचा काढा आहे म्हणून."

"खोटं कशाला सांगतोस? माझ्या काढ्यात सुंठ नसते, मीठ तर नाहीच. तुझा आहे तो."

बोलणं संपलं, पण फोन ठेवायला आई विसरली होती. पलीकडून तिचा आवाज येत होता, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल असा, म्हणजे गल्लीला: "अहो, आमच्या दादाने तिकडे स्वतःचा काढा काढलाय. मलाही जमायचा नाही तसा. तिथला साहेब भांडून पितो म्हणे."

फोरमन साहेब नव्हता. दादाने दुरुस्ती केली नाही. फोन कानाला लावून तो ऐकतच राहिला.