रविवारचा वाढदिवस सोमवारी

तिसरीतल्या मुलांची वीस मार्कांची चाचणी. तिच्यावरून माझ्या घरात जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. कुणी म्हणेल, एवढं काय, एक दिवस पुढे ढकलला वाढदिवस. म्हणू देत.

मुलीचा आठवा वाढदिवस रविवारी येत होता. नवरा बोटीवर असतो, मालवाहू. सहा-सात महिने तिकडे आणि दोन-तीन महिने रत्नागिरीत मांडवीच्या घरी, असा आमचा संसार. आधीच्या सात वाढदिवसांपैकी तो एकालाच हजर होता, तेही मुलगी वर्षाची असताना, म्हणजे तिला काही आठवायचा प्रश्नच नाही. या खेपेला त्याची निघायची तारीख सोमवारची आली. पहाटेच्या गाडीने मुंबई आणि रात्री विमान. रविवार पूर्ण आमचा होता. तिने वर्गात सांगून टाकलं होतं की माझे बाबा सगळ्यांना बोटीवरच्या गाठी शिकवणार. वर्गातल्या काहींना तिचे बाबा आहेत हेच खरं वाटत नव्हतं, कारण शाळेत कधी कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. त्याने दोरीचे चौदा तुकडे कापले आणि टोकं सुटू नयेत म्हणून मेणबत्तीवर धरून बंद केली. चौदा मुलं, रविवारी संध्याकाळी पाच ते सात, सोसायटीचा वरचा हॉल. सगळं ठरलं होतं.

बुधवारी पाऊस एवढा झाला की कलेक्टरांनी गुरुवारी शाळांना सुट्टी दिली. गुरुवारी गणिताचा पेपर होता. शाळेने दुपारी कळवलं, गणित आता सोमवारी सकाळी आठला. इतकंच. पुढच्या दहा मिनिटांत पहिला निरोप आला, वर्गातल्या एका मुलाच्या आईचा. ही बँकेत आहे आणि आमच्या पालकांमध्ये काय चालतं, काय चालत नाही, हे तीच ठरवते. “सॉरी हं, रविवारी आमचं नाही जमणार, रिव्हिजन आहे. सोमवारनंतर काहीही चालेल.” मग एकामागून एक. संध्याकाळपर्यंत सातजणींचं जमत नव्हतं. आठ वर्षांच्या मुलांची रिव्हिजन! दोन तास केक खाल्ला तर सातचा पाढा डोक्यातून गळून पडणार होता बहुतेक.

मी पहिला मजकूर लिहिला तो असा होता की पाठवला असता तर आज रत्नागिरीत माझ्याशी कोणी बोललं नसतं. तो नवऱ्याने वाचला आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

“मुलांची चूक नाय गो,” तो म्हणाला. “अर्धी पोरं सोडून नको, सोमवारीच ठेव, मी नसलो तरी. नीट लिही.”

नीट लिहायचं तर बरंच काही बघावं लागतं. वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं नाही, कारण तिथे चाळीस घरं आहेत आणि आमंत्रण चौदांना. ज्यांना बोलावलेलं नाही त्यांना पार्टीची बातमी मी कशाला देऊ? शाळेला दोष द्यायचा नाही, मुलं तिथेच शिकतात. कुणी नकार कळवला, कुणी नाही, याचा उल्लेख करायचा नाही. आधी हॉल रिकामा आहे का ते विचारायचं, केकवाल्याला दिवस बदलायला सांगायचं, आणि मगच लिहायचं, नाहीतर दुसऱ्यांदा माफी मागायची वेळ येते. सोमवार श्रावणातला निघाला. म्हणजे केक बिनअंड्याचा, आणि उपास धरणाऱ्या आयांसाठी साबुदाणा वडे. मिरकरवाड्याहून येणाऱ्या लेकीच्या मैत्रिणीच्या आईला मी निरोपाआधी फोन केला, कारण तिची रिक्षा ठरलेली होती. ती म्हणाली, “आमचं दोन्ही दिवस जमेल, तू बघ.” तिच्यावर तेवढा वेळ माझा राग नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर हा मजकूर तयार झाला:

“नमस्कार. आमच्या लेकीच्या वाढदिवसाला तुम्ही येणार म्हणून ती खूप खूश आहे. गणिताचा पेपर सोमवारी सकाळी आल्यामुळे, मुलांना निवांत मजा करता यावी म्हणून, रविवारचा कार्यक्रम आम्ही सोमवारी संध्याकाळी ५ ते ७ असा ठेवत आहोत. जागा तीच. आधीच्या वेळेप्रमाणे काही ठरवलं असेल तर गैरसोयीबद्दल क्षमस्व. कुणाला सोमवारी जमत नसेल तर मोकळेपणाने कळवा, अजिबात संकोच नको. शक्य झाल्यास शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणजे तयारी करता येईल. पेपरसाठी सगळ्या मुलांना शुभेच्छा!”

शेवटच्या शुभेच्छा मी दात खात लिहिल्या. मधे एक ओळ होती: “तिचे बाबा सोमवारी पहाटे बोटीवर निघतात, त्यामुळे त्यांची भेट होणार नाही.” नवरा म्हणाला, ती काढ, लोक उगाच अवघडतील, त्यांच्यावर दबाव आल्यासारखा होईल. मी काढली. चौदा घरांना वेगवेगळा निरोप गेला. चौदा अंगठे आले. बँकवालीने दोन हात जोडले आणि लिहिलं, “किती समजूतदार आहेस!”

मुलीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती रडली नाही, तेच वाईट. म्हणाली, “मग गाठी?” नवरा बाल्कनीत दोऱ्या घेऊन बसला होता.

रविवारी तिने दिवसभर वजाबाक्या सोडवल्या. हातच्याच्या. संध्याकाळी मी ओवाळलं, शिरा केला, आणि तो तिला एक गाठ शिकवत बसला. तिला ती येईना. पहाटे त्याची रिक्षा आली तेव्हा ती झोपेत होती. पेपर होता म्हणून उठवली नाही. हेही त्या पेपरनेच ठरवलं.

सोमवारी सगळे आले. फुगे, खेळ, केक, वडे, काहीही कमी नव्हतं. टेबलावर दोरीचे चौदा तुकडे ठेवले होते. मुलं विचारू लागली, “गाठी कधी?” बँकवाली मला म्हणाली, “आणि हिचे बाबा?”

“आज पहाटे गेले. बोटीवर.”

तिने हातातला वडा परत बशीत ठेवला. “अगो, मग सांगितलं नाहीस ते! रविवारी सकाळी दहाला ठेवायचं. दोन तास आलो असतो सगळे. दुपारनंतर बसवलं असतं अभ्यासाला.”

सकाळी! मी मजकूर घासूनपुसून लिहिला, हॉल पाहिला, केक बदलला, पण सकाळ माझ्या डोक्यात एकदाही आली नाही. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे संध्याकाळ, दिवेलागणीला ओवाळायचं, पाचला मुलं यायची. आईने केलं, मी केलं. सकाळी कुणाचा वाढदिवस असतो? मी तिच्यावर चार दिवस जळत होते आणि ती बरोबर होती, हे मला आजही सहन होत नाही. गोड लिहिण्याच्या नादात जी एक ओळ खरी होती तीच मी खोडली. ती ओळ निरोपात गेली असती तर उत्तर तिनेच दिलं असतं, दहा मिनिटांत, नेहमीसारखं.

मुलं गेल्यावर नवऱ्याचा विमानतळावरून फोन आला. मागे घोषणा चालू होत्या.

“कितीजण आले?”

“सगळे आले,” मी म्हटलं.

मुलगी पाठीशी उभी राहून दोऱ्या पिशवीत भरत होती. तिने मान हलवून म्हटलं, “सगळे नाही.” फोन स्पीकरवर होता.