लालबागच्या यादीतली माणसं

जनगणनेच्या तक्त्यात उत्पन्नाचा रकाना नसतो, हे मला डॉक्टर होऊन पंधरा वर्षं झाल्यावर कळलं. घरात टीव्ही आहे का, दुचाकी आहे का, खोल्या किती, संडास घरात की बाहेर, हे सगळं असतं. कमावता किती, हे कोणी विचारलेलंच नसतं. मी तो तक्ता तीन वेळा खालीवर केला आणि शेवटी चिडून मैत्रिणीला फोन लावला. ती माझ्याच बॅचची. मी परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिकल ऑफिसर झाले आणि ती मेडिकल कॉलेजात सामाजिक आरोग्य शिकवायला लागली. आम्ही तिच्या विषयाला कायम हसायचो. त्या महिन्यात हसायची पाळी तिची होती.

मला लालबागला दवाखाना काढायचा होता. एक डॉक्टर, एक टेबल, बाहेर बाकडं, बस. लालबागच्या चाळीत मी दहावीपर्यंत वाढले. मग बाबांनी डोंबिवलीला वन रूम किचन घेतलं, पुढे लग्न होऊन मी माटुंग्याला आले. पण मनात दवाखाना नेहमी लालबागलाच होता. तिथल्या माणसांना तपासायचं, एवढ्यासाठी मी शिकले असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले होते. एका नव्या टॉवरच्या पायथ्याला गाळा मिळत होता. मालकाने सांगितलं होतं, पुढच्या शनिवारपर्यंत हो किंवा नाही, मागे दोघं उभे आहेत. हो म्हटलं की सोमवारी हॉस्पिटलात राजीनामा द्यायचा होता. हातात बारा दिवस होते आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

गाळा दाखवणाऱ्या एजंटने एका खासगी कंपनीचा रंगीत अहवाल पाठवला होता. एफ दक्षिण वॉर्ड, म्हणजे परळ-लालबाग-शिवडी, कुटुंबाचं सरासरी उत्पन्न. आकडा पाहून मी खूश झाले. एवढं कमावणारी माणसं असतील तर हॉस्पिटलची नोकरी सोडायला भ्यायचं कशाला? मैत्रिणीने तो अहवाल तिच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये टेबलावर ठेवला आणि वर चहाचा कप ठेवला.

"टॉवरमधली दहा घरं आणि चाळीतली नव्वद घरं एकत्र केलीस की सरासरी वर जाते," ती म्हणाली. "पण त्या सरासरीएवढं कमावणारं घर तुला त्या रस्त्यावर कदाचित एकही सापडणार नाही. सगळ्यांना कमाईप्रमाणे ओळीत उभं कर आणि मधल्याला विचार. फी त्याला परवडली पाहिजे. आणि टॉवरवाले तुझ्याकडे येणार नाहीत गं, ते स्पेशालिस्टकडे जातात."

"मग लोकसंख्या तरी खरी ना?"

"दोन हजार अकराची. पुढची लांबली. तेवढ्या वर्षांत किती चाळी पडल्या, किती लोक ट्रान्झिट कॅम्पात गेले, मोजलंय कोणी? शिवाय वॉर्डचा आकडा घेऊन काय करणार? शिवडीचा माणूस ताप आला म्हणून तुझ्याकडे चालत येणार आहे का? दहा मिनिटांच्या अंतरात कोण राहतं ते बघ. त्यातले महिन्याला किती आजारी पडतात, त्यातले किती पालिकेच्या दवाखान्यात जातात, उरले ते तुझे."

मला तिचा राग आला. ती बरोबर बोलत होती म्हणून जास्त आला. पण मी हार मानणाऱ्यातली नाही. मतदारयादी इंटरनेटवर मिळते. त्यात घर क्रमांक असतो, वय असतं, स्त्री की पुरुष तेही असतं. मी गाळ्याच्या आजूबाजूच्या चाळींचे यादीतले भाग काढले आणि चार दिवस ओपीडी संपल्यावर मोजत बसले. साठीच्या पुढचे वेगळे, बायका वेगळ्या. यादीत मुलं नसतात, म्हणून घरटी अंदाजाने मुलं वाढवली. साठीच्या पुढच्या बायका भरपूर निघाल्या. प्रेशर, साखर, गुडघे. दर महिन्याला येणारी माणसं. कॅल्क्युलेटरवर बोट ठेवून मी मनातल्या मनात दवाखान्याला रंगही देऊन टाकला.

मैत्रिणीला आकडे दाखवले. तिने कौतुक केलं आणि लगेच पाणी ओतलं. "यादीत मतदार कोण ते कळतं. तिथे राहतं कोण ते दारं बघितल्याशिवाय कळणार नाही. एक संध्याकाळ जाऊन ये."

"मी तिथे जन्मलेय. मला नको सांगूस."

"म्हणून तर जा म्हणतेय."

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, माणसं घरी असायच्या वेळेला, मी यादीचे कागद घेऊन आमच्याच चाळीपासून सुरुवात केली. लहानपणी या वेळेला गॅलरीतून चालताना पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न असायचा. आता मी सरळ चालत गेले. पहिली खोली, कुलूप. दुसरी, दिवा आणि टीव्ही. तिसरी, कुलूप. चौथी, कुलूप. कुलपं गंजलेली नव्हती, तेल घातलेली होती. कोणीतरी अधूनमधून येऊन बघून जात होतं.

पाचव्या दारात एक काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं, मी त्यांना उशिरा ओळखलं. यादीतलं एकेक नाव मी वाचत गेले आणि त्या मान न उचलता सांगत गेल्या.

"तो बदलापूराक. ती विरारला लेकाकडे. ह्यो नालासोपारा. मतदानाक येतत सगळे, पूजेक येतत. बाकी टाळो."

"मग खोली सोडत का नाहीत?"

आता त्यांनी मान वर केली. "बाय गो, बिल्डर येतलो ना, नवी खोली देतलो. भाडेपावती होया, लाइटबिल होया, यादीत नाव होया. सोडूक येडे आसत काय?"

कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत दिवे होते, पण त्यातलं एकही नाव यादीत नव्हतं. एकीत परळला कॅन्सरच्या उपचाराला आलेल्या बाईचे नातेवाईक राहत होते, साताऱ्याकडचे. उपचार संपले की जाणार. दुसरीत केटरिंगचे कामगार, सहा जण, पाळीपाळीने झोपणारे. ही माणसं जनगणनेत नव्हती, यादीत नव्हती आणि कंपनीच्या रंगीत अहवालात तर नव्हतीच. बंद खोल्यांच्या नावांवर मी फुल्या मारत गेले. अजून दुसरा मजला राहिला होता, निघून जावंसं वाटत होतं, पण आकडा अर्धा सोडायची मला सवय नाही.

दुसऱ्या मजल्यावर शेवटून दुसरी खोली. कुलूप. मी सवयीने फुली मारायला पेन टेकवलं आणि कागदावर नावं वाचली. चार नावं. बाबांचं, आईचं, भावाचं आणि माझं. डोंबिवलीला गेल्यावरही अठराव्या वर्षी बाबांनी माझं नाव याच पत्त्यावर घातलं होतं आणि मी ते कधी हलवलं नव्हतं.

चारही नावं मी माझ्या हाताने मोजली होती. घर क्रमांक आणि वयाचा रकाना बघत भराभर खाली गेले होते, नावं वाचायचं कारणच नव्हतं. चाळिशीतली एक बाई, दवाखान्यात येण्याजोगी: ती मी. आणि साठीच्या पुढची एक बाई, दर महिन्याला प्रेशर तपासायला येणारी: ती माझी आई. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

मी तिथेच गॅलरीत उकिडवी बसले. रडायला आलं आणि रडले. काकी वर आल्या, पाण्याचा तांब्या ठेवून खाली गेल्या. मला आईची आठवण आली हे खरं, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. मी इथली, इथली म्हणत होते आणि ही गॅलरी रिकामी करणाऱ्यांत आम्हीही होतो.

बाबा गिरणीत होते, संपानंतर एका बँकेच्या दारात वॉचमन झाले. शुक्रवारी हॉस्पिटलातून थेट त्यांच्याकडे डोंबिवलीला गेले आणि आईचं नाव यादीतून काढायचा फॉर्म पुढे ठेवला. मृत्यूचा दाखला जोडायचा, सही करायची, दहा मिनिटांचं काम.

"नाही करणार," ते म्हणाले.

"बाबा, ती गेलीय."

"मला सांगतेस? एक नाव काढायला गेलं की विचारतात, बाकीचे कुठे राहता. चौकशीला आलेल्या माणसाला काय सांगू? तिने त्या खोलीत एकोणतीस वर्षं काढली. नवी जागा मिळेल तेव्हा तिचं नाव कागदावर असू दे."

मी भांडले. खोटी यादी आहे म्हटलं, अशाच याद्यांमुळे माझ्यासारखीचे निर्णय चुकतात म्हटलं. ते म्हणाले, "यादी तुझ्या दवाखान्यासाठी केली नव्हती." सही झाली नाही.

शनिवारी सकाळी मी फुल्या वगळून हिशेब पुन्हा मांडला. दिवे लागणारी घरं, त्यातली मधली कमाई, पालिकेच्या दवाखान्यात जाणारे वजा. टॉवरच्या गाळ्याचं भाडं त्यातून निघणार नव्हतं. काढायचं तर फी अशी ठेवावी लागली असती की तांदूळ निवडणाऱ्या काकी कधी आल्याच नसत्या. मी मालकाला नाही सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे मॅडम, आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

पुढे सात महिन्यांनी दवाखाना निघाला तो डोंबिवलीत. या वेळी आधी दारं बघितली, संध्याकाळी, इमारतीमागून इमारत. तिथे जनगणनेचा आकडा उलट्या बाजूने चुकला होता. कागदावर होती त्याहून माणसं कितीतरी जास्त. लालबागच्या गॅलरीतून वजा झालेली माणसं इथे कोणी मिळवलीच नव्हती.

पहिल्या आठवड्यात बाबा आले, रांगेत बसले, नंबर आल्यावर आत आले. मी केसपेपर ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. पत्ता विचारला, कारण तो सगळ्यांना विचारते.

"लालबाग," ते म्हणाले, आणि चाळीचं नाव, मजला, खोली नंबर सगळं सांगितलं.

"बाबा, राहता कुठे?"

"ते तुला माहितेय. लिही."

मी डोंबिवली लिहिलं. त्यांनी समोरून उलटा कागद वाचला, वर सारलेली बाही खाली केली आणि प्रेशर न तपासता उठून गेले. बाहेर बाकड्यावर आणखी पाच जण होते. मी पुढच्या आजींना आत घेतलं, केसपेपर ओढला, पत्ता विचारला. त्यांनी चिंचपोकळी सांगितलं, लालबागच्या शेजारचं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सांगितला तसा लिहून घेतला.