डाव्या पायाचा नमुना

ऑस्ट्रेलियातल्या पीटरबरो गावाच्या मुख्य रस्त्यावर क्लेम ट्रेनॉर्डनचं बुटांचं दुकान होतं. गावात क्वचितच एखादा पाय असेल, जो क्लेमने हातात घेतला नव्हता. नवा माल तो आधी वाकवून, हुंगून, आत तळापर्यंत हात घालून पाही आणि मगच मागवी. विक्रेत्यांच्या गोड बोलण्याला तो कधी भुलला नाही.

त्याच्या बायकोला, व्हॉनीला, अर्धांगाचा झटका आला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. हळूहळू ती उभी राहू लागली, पण डावा पाय सुजून फुगलेल्या भाकरीसारखा झाला होता. दुकानातला एकही बूट त्यात शिरेना. क्लेमने घरात घालायची एक सपात कापून पाहिली, तर ती पायातून निसटली आणि व्हॉनी पडता पडता वाचली.

"भक्कम तळाचा बूट घालून दारापर्यंत चालल्या, की घरी न्या," दवाखान्यातली सिस्टर म्हणाली. "मोज्यांवर मी चालू देणार नाही."

"चाळीस वर्षं गावाला बूट घातलेस," व्हॉनी खाटेवरून म्हणाली, "आणि बायको तुझी अनवाणी!"

धंद्याच्या मासिकात क्लेमला मेलबर्नच्या एका कारखान्याची जाहिरात सापडली. पुढून पूर्ण उघडणारे, पट्टीने चिकटणारे, सुजलेल्या पायांसाठीचे बूट. कारखाना फक्त दुकानदारांना माल देई.

"सरळ मागवून टाकू का?" त्याने विचारलं.

"न बघता? तू?" व्हॉनी हसली. तिचं हसू आता एकाच बाजूने उमटे. "माझ्या एका पायापायी दुकानात अडगळ नको करूस. आधी नमुना मागव, नेहमीसारखा."

त्याने नेहमीसारखंच पत्र लिहिलं: आपल्या मालात रस आहे, पहिली मागणी नोंदवण्याआधी घाऊक दरपत्रक आणि एक नमुना विनामूल्य पाठवावा. माप सात, सर्वांत रुंद, डावा पाय. कोणाचा पाय, हे लिहिलं नाही. धंद्याच्या पत्रात घरचं रडगाणं त्याला शोभेना.

पार्सल आलं. दरपत्रकात पहिली मागणी कमीत कमी बारा जोड, पैसे आगाऊ, माल परत नाही. आणि नमुन्याचा बूट उजव्या पायाचा.

त्याने कारखान्याला फोन लावला. विक्री विभागातली मारिसा खळखळून हसली.

"अहो क्लेम, एवढी वर्षं धंद्यात आहात ना? आमचे नमुने सगळे उजवेच. डावेही वाटले तर लोक जोड जुळवून विकतील!"

"ठाऊक आहे मला. पण आमच्या एका गिऱ्हाइकाचा डावा पाय फार सुजलाय. तो बसला तर मागणी नक्की."

"मग आधी मागणी द्या ना."

"आधी पाय."

"भलतेच हट्टी हो तुम्ही! बघते, खाली कारागिरांना विचारते. थोडे दिवस लागतील."

तो उजवा बूट व्हॉनीने धडधाकट पायात चढवला आणि पांघरुणाबाहेर पाय काढून सिस्टरला दाखवला. "अर्धी निघाले बघा घरी!" त्यानंतर ती तो काढूच देईना.

डाव्याची वाट पाहण्यात दिवस गेले. एका सकाळी न्याहारीच्या वेळी तिला दुसरा झटका आला. क्लेम पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सिस्टरने तिच्या वस्तूंची पिशवी त्याच्या हातात दिली. वर तो उजवा बूट होता.

अंत्यविधीनंतर दुकान उघडलं त्याच आठवड्यात पार्सल आलं. माप सात, सर्वांत रुंद, डावा. तळावर 'नमुना, विक्रीसाठी नाही' असा शिक्का. सोबत मारिसाची चिठ्ठी: खास तुमच्यासाठी करवून घेतलाय. आता मागणी द्या!

क्लेमने बूट वाकवला. आत तळापर्यंत हात घातला. चांगला होता. फार चांगला होता.

दुपारी मारिसाचाच फोन आला.

"काय हो, बसला का तुमच्या गिऱ्हाइकाला?"

"माझी बायको होती ती. गेली," क्लेम म्हणाला.

 मारिसा हळूच म्हणाली, "आधी सांगायचंत हो. त्याच दिवशी पाठवला असता."

"हो. सांगायला हवं होतं."

"मागणीचं राहू द्या. तो बूटही ठेवा तुमच्याकडेच."

"नाही, लिहून घे. बारा जोड. सगळे रुंद. पैसे आज पाठवतो." त्याने डावा बूट उजव्याच्या शेजारी ठेवला. "दवाखान्यात अजून दोघीजणी मोज्यांवर बसल्यात."

"मापं?"

"पाच ते नऊ, तूच वाटून दे. आणि सात... सात नको. सात आहे माझ्याकडे."