पाहुणीची किल्ली

छापखान्यात त्यांना सगळे खिळेमास्तर म्हणत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला लागले होते, आणि पस्तिशीत शिसं गेलं तेव्हा बरोबरच्यांसारखं घरी न बसता कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. शिकवायला कोणी नव्हतं. पुस्तकं आणायची, चुकायचं, मोडायचं आणि रविवारी येऊन गुपचूप दुरुस्त करायचं. आता चौपन्नाव्या वर्षी छापखान्यातल्या सगळ्या यंत्रांची जोडणी त्यांच्या हातात होती. जिन्याखालच्या कपाटात एक सर्व्हर होता, त्याला ते ‘आपला’ म्हणत. "आपला जरा गरम झालाय" म्हणाले की नव्या माणसाला वाटायचं, कुणी आजारी आहे.

त्या सर्व्हरवर मास्तरांनी स्वतः व्हीपीएन उभं केलं होतं. बाहेर बसलेल्या माणसाला छापखान्याच्या आतल्या यंत्रांपर्यंत यायचा तो एकच बंदिस्त रस्ता. ज्याची किल्ली, म्हणजे आकड्या-अक्षरांची गुप्त ओळख, सर्व्हरवर नोंदलेली असेल त्यालाच तो उघडायचा. त्यावरून तिघंच यायचे: मास्तर, मालकीणबाई आणि त्यांचा हिशेबनीस. बाहेरच्या कंपनीची सोय घ्यायला मालकीणबाई तयार नव्हत्या, कारण वर्षातून दोनदा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका इथे छापल्या जात.

अशातच छपाईच्या धातूच्या प्लेटा काढायचं नवं यंत्र आलं आणि ते बसवायला कंत्राटावर एक बाई आल्या. तिशीच्या आसपास, पाठीवर जड बॅग, बोलणं मोजकं. दिवसा यंत्राजवळ उभं राहून काम व्हायचं, पण त्याचं सॉफ्टवेअर जुळवायला लॉजवर बसूनही तास लागणार होते.

"काका, मला बारा दिवस आत यायला लागेल," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

काका म्हटलेलं मास्तरांना आवडलं नाही. पण पुढचं वाक्य आवडलं.

"किल्ली मी माझ्या लॅपटॉपवर बनवते. खासगी अर्धी माझ्याजवळच राहील, उघडी अर्धी तुम्हाला देते. आणि मला फक्त त्या एका यंत्रापुरतं सोडा, बाकी काही दिसायला नको."

मास्तरांना तेच सांगायचं होतं आणि ते कसं सांगावं याची त्यांनी घरून तयारी करून आणली होती. ती तयारी वाया गेली.

त्यांनी पाहुणीची उघडी किल्ली सर्व्हरच्या फाइलमध्ये लिहिली, वर ओळख म्हणून शब्द टाकला, ‘पाहुणी’. प्लेटच्या यंत्राखेरीज कुठेही जाता येणार नाही असा अडसर घातला. राहिली मुदत. त्यांच्या व्हीपीएनमध्ये किल्लीला स्वतःची मुदत नसते. एकदा दिली की दिली. म्हणून मास्तरांनी एक छोटा हुकूम लिहून ठेवला: अमुक शुक्रवारी संध्याकाळी सहाला ही किल्ली काढून टाक. तो हुकूम वेळेवर चालवायचं काम सर्व्हरचं. माणसाने लक्षात ठेवायची गरज नाही.

बायकोला त्यांनी जेवताना हे सांगितलं. ती शिवणकाम करायची, तिला जोडण्या कळत नसत, पण माणसं कळत.

"म्हणजे ती येण्याआधीच तिच्या जाण्याची वेळ लावून ठेवलीत," ती म्हणाली. "तिला काय वाटेल?"

"काय वाटायचंय? कामाला आलीय."

"तुम्हाला कोणी असं केलं असतं तर तुम्ही चार दिवस घुम्यासारखे बसला असतात."

हे खरं होतं, म्हणून मास्तरांनी भात पुढे ओढला.

बारा दिवस काम चाललं. यंत्र आधी प्लेटच्या एका कडेला अक्षरं पुसट उमटवत होतं. बाईंनी ते तीन दिवसांत काबूत आणलं. मास्तर शेजारी स्टूल घेऊन बसायचे. भिंग डोळ्याला लावून ते एखाद्या वेलांटीचं टोक तुटल्याचं दाखवायचे आणि बाई यंत्राचे आकडे बदलायच्या. आठवड्याभरात ‘काका’ कानाला सवयीचं झालं.

शेवटच्या शुक्रवारी पावणेसहाला बाई लॉजवरून फोनवर होत्या. मास्तर कपाटाजवळ. सहाला सर्व्हरने आपलं काम केलं.

"गेलं काका. यंत्र दिसत नाही आता."

मास्तरांनी आपल्या पडद्यावर पाहिलं. जोडलेल्यांच्या यादीत तीनच नावं उरली होती. त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला, आणि तो दाबून ते म्हणाले, "बरं. सुखरूप जा."

सोमवारी प्रश्नपत्रिका आल्या. सीलबंद पाकिटातून आणलेल्या फाइली मालकीणबाईंच्या देखत प्लेटच्या यंत्रावर चढवल्या गेल्या. मंगळवारी साडेअकराला वीज गेली. बॅटरीने पाऊण तास तग धरला, मग सगळं झोपलं. एकच्या सुमाराला वीज आली, यंत्रं एकामागून एक जागी झाली, आणि मास्तरांनी समाधानाने डबा उघडला.

तीनला फोन वाजला.

"काका, मी बोलतेय, प्लेटच्या यंत्राची. तुम्ही मला परत आत घेतलंय का?"

"नाही. का?"

"मी दुसऱ्या गिऱ्हाईकाची जोडणी लावायला यादी उघडली. तुमची माझ्याकडून बंद करायची राहून गेली होती, ती चूक माझी. पण शुक्रवारपासून तुमच्याकडून उत्तर येत नव्हतं. आता येतंय. शेवटचं उत्तर चाळीस सेकंदांपूर्वीचं आहे."

मास्तर म्हणाले, "फोन ठेवू नका," आणि चष्मा न घेताच जिन्याखाली गेले. मग चष्म्यासाठी परत आले.

यादीत चार नावं होती. चौथी पाहुणी.

किल्ली ताबडतोब काढून टाकायला त्यांचा हात पुढे झाला होता. तो त्यांनी मागे घेतला. काढली की तिच्यासमोरचे आकडेही जातील. आधी त्यांनी पडद्याचा फोटो घेतला. सर्व्हर परत चालू झाल्यापासून पाहुणीकडून आलेलं आणि पाहुणीकडे गेलेलं मिळून पंचवीस केबीसुद्धा भरत नव्हतं. दोन यंत्रं एकमेकांना ‘आहेस का, आहे’ म्हणत राहिली तर एवढं होतंच. प्रश्नपत्रिकेचं एक पान त्याच्या हजारपट मोठं. एवढं पाहून मग त्यांनी किल्ली काढली.

"आता?"

"आता उत्तर थांबलं," बाई म्हणाल्या. "मी माझ्याकडूनही काढून टाकते."

मास्तर कपाटासमोर खाली बसले. चूक कुठे झाली ते त्यांना आता स्पष्ट दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच तोंडात मारल्यासारखं झालं होतं. त्यांच्या हुकमाने किल्ली काढली होती ती चालू सर्व्हरच्या आठवणीतून. फाइलमधल्या ओळी तशाच होत्या. वीज गेली, आठवण पुसली. वीज आली, सर्व्हरने फाइल वाचली आणि पाहुणीला इमानेइतबारे पुन्हा आत घेतलं. शुक्रवारी केलेली तपासणी खरी होती, पण अर्धी होती. खिळे जुळवायच्या काळात छपाई झाली की प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात सोडावा लागे. ते केल्याशिवाय काम संपलं असं ते कधी म्हणत नसत. इथे मात्र त्यांनी पान छापलं आणि हात झटकले.

"काका, आहात का?"

"आहे. तुम्ही आत काही पाहिलं नाहीत, हे मला आकड्यांवरून कळलंय," मास्तर म्हणाले. मग त्यांना स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली. "तुम्हाला तपासायचा हेतू नव्हता माझा."

"तपासायलाच हवं. म्हणून तर लगेच फोन केला. मागे एका ठिकाणी माझी किल्ली दोन वर्षं तशीच पडून होती. तिथे काहीतरी चोरीला गेलं आणि पहिलं बोट माझ्याकडे. मी चार महिने खुलासे देत होते." पुढे त्या म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या दिवशीच तारीख लावलीत ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. काम संपलं की मी मोकळी."

मास्तरांनी फोन ठेवला. ही गोष्ट दोन माणसांना माहीत होती. काहीही गेलेलं नव्हतं, फाइलमधल्या ओळी पुसायला अर्धं मिनिट पुरलं असतं, आणि बाई आपणहून कोणाला सांगायला गेल्या नसत्या. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर ठपका नव्हता. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. आलं नाही असं त्यांनी पुढे कधी म्हटलं नाही. त्यांनी ओळी पुसल्या, पुसण्यापूर्वी त्यांचाही फोटो घेतला, आणि मालकीणबाईंच्या खोलीत गेले.

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. फोटो दोनदा पाहिले.

"मास्तर, परीक्षावाल्यांना कळवावं लागेल."

"हो."

"ते काम काढूनही घेतील."

"घेतील," मास्तर म्हणाले. "चिठ्ठी मी लिहितो. चूक माझी, पाहुणीची नाही, हे पहिल्या ओळीत लिहितो."

"दुसऱ्या ओळीत लिहा की बॅटरी बदलायला तुम्ही दोनदा सांगितलं होतं आणि मी पुढे ढकललं."

दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागाचे एक अधिकारी आले. कोरडा माणूस, चहालाही नको म्हणाला. त्यांनी फोटो, आकडे, वीज गेल्या-आल्याची वेळ तपासली, बाईंना फोन करून तेच प्रश्न तीन तऱ्हेने विचारले. शेवटी ठरलं ते असं: काम इथेच राहील, पण त्या दुपारी यंत्रावर असलेल्या दोन विषयांच्या प्रश्नपत्रिका रद्द, त्यांच्याऐवजी राखीव संच. तयार झालेल्या प्लेटा सगळ्यांसमोर कापल्या गेल्या. छापखान्याने तीन दिवस जादा काम केलं. कुणी मास्तरांना बोललं नाही, पण जेवायच्या सुट्टीत बाकावरची त्यांच्या शेजारची जागा दोन दिवस रिकामी राहिली. ते त्यांना लागलं, आणि ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही.

त्या आठवड्यात त्यांनी हुकूम नव्याने लिहिला. आता मुदत संपली की किल्ली फाइलमधूनही जायची आणि आठवणीतूनही. शिवाय सर्व्हर जागा झाला की कोणालाही आत घेण्यापूर्वी सगळ्या तारखा तपासायचा, म्हणजे मुदत वीज नसताना संपली तरी फसगत नको. शनिवारी दुपारी एक खोटी पाहुणी तयार करून तिला दहा मिनिटांची मुदत दिली. दहा मिनिटांनी ती गेली. मास्तरांनी मालकीणबाईंना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर सर्व्हरची वायर उपटली. मग परत लावली. दोघं जिन्याखाली वाकून पडद्याकडे पाहत राहिले.

तीन नावं आली.

"अजून एकदा," मालकीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा वायर उपटली.

घरी बायकोने विचारलं, "तिला वाईट वाटलं होतं का हो, त्या तारखेचं?"

"नाही. बरं वाटलं म्हणाली."

बायकोने दोरा तोंडाने तोडला. "शहाणी आहे," ती म्हणाली. "यंत्राला पुन्हा काही झालं तर तिलाच बोलवा."

"बोलवू," मास्तर म्हणाले. "पण तिला किल्ली नवी बनवावी लागेल."