सहसंबंध शून्य धरला

माझा मोठा भाऊ आकडेमोडीत कधी चुकत नाही, आणि हेच त्याचं दुखणं आहे. जन्मभर बाजार समितीच्या ऑफिसात कारकुनी केली, त्यामुळे आकडा बरोबर आला की जग बरोबर आहे असं त्याला वाटतं. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात एम.कॉम.च्या पोरांना गुंतवणूक शिकवते. डोकं तापट, आवाज मोठा. लग्न केलं नाही, म्हणून घरातले सगळे मला हक्कानं सल्ला विचारतात आणि तितक्याच हक्कानं धाब्यावर बसवतात.

दादा रिटायर झाला तेव्हा हातात आलेला पैसा त्याचा नव्हताच. तो त्याच्या लेकीचा होता. ती आता तिशीला आली आहे. जन्मापासून तिला चालता येत नाही, आणि तिचं बोलणं फक्त आम्हा घरच्यांना कळतं. दादा आणि वहिनी तिला उचलतात, न्हाऊ घालतात, घास भरवतात. आपल्या मागं तिच्यासाठी एक चांगली बाई कायमची ठेवता यावी, एवढ्यासाठी तो पैसा टिकायला हवा होता. दुसरं काही नाही.

"सगळा एका जागी नको ठेवूस," मी त्याला म्हणाले होते. त्यानं विचारलं, "दोन जागी ठिवला तर जोखीम किती कमी व्हती? आकडा सांग." मग काय, मी माझ्या ओट्यावर बसून त्याला अख्खा धडाच शिकवला. कमाई सरासरीच्या वर-खाली किती हेलकावते ते प्रमाण विचलन, आणि त्याचा वर्ग म्हणजे व्हेरियन्स. एका ठिकाणचं विचलन तीस टक्के, दुसऱ्याचं वीस, पैसा निम्मा-निम्मा. भोळा माणूस म्हणेल, सरासरी पंचवीस. पण तसं नसतं. आधी प्रत्येकाच्या वजनाचा, म्हणजे पैशातल्या वाट्याचा, वर्ग गुणिले विचलनाचा वर्ग. एकाचे सव्वादोनशे, दुसऱ्याचे शंभर. मग तिसरा तुकडा, खरी गोम त्यातच असते. दोन गुणिले दोन्ही वजनं, गुणिले दोन्ही विचलनं, गुणिले सहसंबंध. म्हणजे इथं तीनशे गुणिले सहसंबंध. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर सहसंबंध शून्य, तिसरा तुकडा गेला. उरले सव्वातीनशे, त्याचं वर्गमूळ अठरा. पंचवीसचे अठरा झाले, कुणाच्या खिशातून काही न जाता.

"फुकटात सात?" दादाचे डोळे चमकले.

"फुकटात. पण दोघं एकाच वेळी पडणारे नसले तरच. सहसंबंध एक झाला तर पुन्हा पंचवीसच."

पोस्टात निम्मा ठेव, असंही मी सांगितलं. पोस्टाच्या व्याजात बाईचा पगार निघत नाही म्हणाला.

पुढच्या खेपेला गावाहून, कुरुंद्याहून आला तो मिठाईचा पुडा घेऊन. निम्म्या पैशाची हळद घेऊन गोदामात ठेवली होती. आमच्याकडं ते नवीन नाही, भाव चढेपर्यंत माल दाबून ठेवायचा. उरलेला निम्मा त्यानं गावातल्या एका ओळखीच्या माणसासोबत भागीदारीत घातला होता, हळद शिजवायचा कुकर आणि पॉलिश करायचं मशीन घेण्यात. तीस आणि वीस हे माझेच आकडे त्यानं जुन्या वर्षांवरून पडताळून कागदावर मांडले होते, आणि सहसंबंधाच्या जागी ठळक शून्य.

"हे शून्य कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? एक माल हाय, एक मशीन हाय. मशीन काय हळद हाय का?"

माझं टाळकंच सरकलं. "अरे दादा! मशीनचं भाडं शेतकरी कधी देतो?"

"पट्टी झाल्यावर. हळद विकली की."

"आणि भाव पडला की हळद कोण विकतो?"

भाव पडला की कुरुंद्यात एकही माणूस माल बाजारात नेत नाही. पट्टी नाही, म्हणून भाडं नाही. पुढच्या साली लागवडही कमी, म्हणजे मशीनला कामही कमी. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जन्म गेला त्याचा त्या पट्ट्यांवर. पण गावात सगळंच हळदीचं असतं, तेव्हा कशातच हळद दिसत नाही. तोंड कडू झालं माझं. त्याच्याकडूनच मागच्या वर्षांचे भाव आणि भाडं विचारून घेतलं आणि सहसंबंध काढला, तर नऊ दशांश. तीनशेतले दोनशे सत्तर परत आले. पाचशे पंच्याण्णवचं वर्गमूळ, चोवीसच्या वर. फुकटातल्या सातातला एकही हाती राहिला नव्हता.

"दोन पोत्यांत एकच हळद भरलीस बाबा," मी म्हणाले. "मोडून टाक भागीदारी."

"मशीन आलं बी. आता कोण घेईल?" म्हणाला आणि मिठाई तशीच ठेवून गेला. मला त्या दिवशी त्याचा इतका राग आला होता की मी त्याला स्टँडवर सोडायलाही गेले नाही.

मग भाव पडला. वाट पाहिली, आणखी पडला. परवा कुरुंद्याला गेले तर मशीन ताडपत्रीखाली, हळद गोदामात, भागीदार फोन उचलत नाही. वहिनीची कंबर गेली म्हणून लेकीसाठी एक बाई ठेवली होती, तिलाही पगाराअभावी घरी पाठवलं होतं. वहिनी भिंतीला धरून धरून चालत होती. पोरीनं मला बघून हात हलवला आणि हसली. मला रडूच आलं, मी सरळ मोरीत जाऊन तोंड धुतलं.

जेवायला बसलो तेव्हा दादा म्हणाला, "पैशाचं जे व्हायचं ते झालं. म्या लई इचार करून राहिलो. लेकराला आता दोनच आधार. एक आमी, दुसरी तू."

"व्हय," मी म्हणाले. "मी आहे ना."

"तसं न्हाई. हिशोबानं म्हणून राहिलो. आमी दोघं नवराबायको एकाच घरातले, एक पडला की दुसरा बी पडंल. तुझं तसं न्हाई. तुझं गाव येगळं, पगार येगळा. हळदीशी तुझं देणंघेणं न्हाई." कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा जरा मोकळा दिसला. "आता बराबर हाय. हितं शून्य धरता येतं."

वहिनीनं ताटं वाढली. दादानं सवयीनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, जेवणाआधीची. मीही पर्समधून माझं काढलं. साखरेचीच गोळी, तीच कंपनी, तोच रंग. आमचे वडील साखरेनंच गेले, आत्याही. वहिनीनं दोघांच्या मध्ये पाण्याचा एकच तांब्या ठेवला.

दादा आपल्या पाकिटाकडं पाहत राहिला. मग माझ्या पाकिटाकडं. आकडेमोडीत तो चुकत नाही.

"आता किती धरायचा गं?" त्यानं हळूच विचारलं.

मी गोळी तोंडात टाकली आणि तांब्या त्याच्याकडं सरकवला. आतून पोरगी हाका मारत होती, भूक लागली म्हणून.